युरियाचं पोतं ओतून डिझेल जात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मिरज तालुक्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या उसाच्या बांधाला टँकर कलंडला आणि गुंठाभर काळ्या रानात डिझेल मुरलं. ‘तेल खाणारे जिवाणू युरियावर वाढतात’ असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी 45 किलोचं पोतं एकदम विस्कटून पाणी सोडलं. महिन्याभरात वास कमी झाला, पण मातीच्या तपासणीत तेल निघालंच. वास गेला तो बराचसा डिझेलचा हलका भाग उडून गेल्याने.

सल्ला निम्मा खरा होता. स्युडोमोनास, रोडोकॉकस असे जिवाणू बहुतेक मातीत मुळातच असतात. पुड्या विकत आणायची गरज सहसा पडत नाही. डिझेलमधून त्यांना कार्बन भरपूर मिळतो, पण नत्र आणि स्फुरद मिळत नाही. म्हणून 100 भाग कार्बनला 10 भाग नत्र आणि 1 भाग स्फुरद असा ढोबळ हिशेब धरतात. गुंठ्यातली वरची 15 सेंमी माती साधारण 18 टन भरते. त्यात एक टक्का तेल धरलं तर 180 किलो तेल, म्हणजे दीडशे किलो कार्बन. त्याला 15 किलो नत्र, म्हणजे सुमारे 33 किलो युरिया आणि वर वीसेक किलो सुपर फॉस्फेट लागतं.

चूक झाली ती सगळं एकदम देण्यात. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे गुंठ्याला अडीच किलो. पोत्यात वीस किलो होतं! मातीतल्या थोड्याशा पाण्यात एवढं विरघळलं की अमोनिया वाढतो, क्षार वाढतात, आणि ज्यांच्यासाठी खत टाकलं तेच जिवाणू सुस्तावतात. कृष्णाकाठच्या क्षारपड रानात तर हे आणखी लवकर होतं. हाच युरिया चार-पाच हप्त्यांत, दर वेळी माती तपासून द्यायला हवा होता.

त्याहून मोठी अडचण हवेची. एक किलो तेल पुरतं जिरवायला जिवाणूंना तीन किलोच्या आसपास प्राणवायू लागतो. आमची काळी माती भिजली की फुगून बंद होते. मग कितीही खत टाका. माती उकरून पसरायची, पाचट किंवा भुसा मिसळून भुसभुशीत ठेवायची, आठवड्याला उलथायची आणि ओल वाफशाइतकीच ठेवायची. पावसाळ्यात वर झाकण हवं, नाहीतर नायट्रेट वाहून विहिरीत उतरतं.

एवढं करूनही तेलातला जड, चिकट भाग मागे राहतोच. गॅरेजचं जळकं ऑइल असेल तर त्यातले धातू कुठलाच जिवाणू खात नाही. 1989 साली अलास्काच्या किनाऱ्यावर सांडलेल्या तेलावर खत फवारलं, त्याचा उपयोग झाला. पण दगडगोट्यांखाली हवेविना अडकलेलं तेल तिथे अनेक वर्षांनीही सापडत राहिलं.

पाहुण्यांना मी आता अर्ध्या गुंठ्यात नुसती माती उलथायला आणि अर्ध्यात उलथून खताचा हप्ता द्यायला सांगितलंय. दोन्हीकडचे नमुने दर महिन्याला तपासणार आहोत. पहिल्या पोत्याचं नत्र अजून मातीत आहे, म्हणून पुढचा हप्ता थांबवलाय.

आपला,
माती तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला एक वाचक, मिरज