‘Filed’ या शब्दानंतर काय उरते? केंद्रीय अर्थमंत्र्यांना वेंगुर्ल्याहून खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत माझे रंग आणि हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. आपण वस्तू व सेवा कर परिषदेच्या अध्यक्ष आहात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. कर भरण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मी प्रत्येक महिन्याचे विवरणपत्र भरतो. मात्र ते भरल्यानंतर जीएसटी पोर्टलच्या पडद्यावर जे शब्द येतात, त्यांचा नेमका अर्थ कळायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली, आणि तो अर्थ मला पडद्याने सांगितला नाही.

हे सारे मार्च महिन्याच्या एकाच विवरणपत्राबद्दल आहे. GSTR-3B हे मासिक विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरायचे असते. 20 एप्रिलच्या संध्याकाळी मी सगळे आकडे भरले, बँकेतून चलन भरले, दायित्व वळते करण्याचे बटण दाबले आणि पोर्टलवरच्या रोख खात्यातून रक्कम वजा झालेली पाहिली. तेवढ्यात वळवाचे वारे सुटले, लाईट गेली आणि मोबाईलची रेंजही गेली. पैसे वळते झाले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, कारण पैसे वळते करणे आणि विवरणपत्र दाखल करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून सही झाल्याशिवाय विवरणपत्र दाखल होत नाही आणि त्याचा ARN, म्हणजे पोचक्रमांक, मिळत नाही. हे माझ्या लक्षात 2 मे रोजी आले. त्या दिवशी ओटीपी टाकला आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत `Status - Filed` असे उमटले.

हा हिरवा शब्द पाहून माझ्यासारखा दुकानदार वही मिटतो. त्या शब्दाचा अर्थ मात्र इतकाच आहे की विवरणपत्र सहीनिशी पोचले. ते वेळेत पोचले की उशिरा, याबद्दल तो शब्द काही सांगत नाही, आणि आतले आकडे कोणी तपासून मान्य केले, असाही त्याचा अर्थ नाही. आपला कर आपणच ठरवायचा आणि सरकारने तो नंतर तपासायचा, अशी कायद्याची रचना आहे. ती मला मान्य आहे. पण ‘पोचले’ आणि ‘मान्य झाले’ यांतला फरक त्या हिरव्या अक्षरांतून कोणाच्याही लक्षात येत नाही.

मला 12 दिवसांचा उशीर झाला होता. कर भरायचा असेल तर विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये लागते, 25 केंद्राचे आणि 25 राज्याचे. व्यवहार शून्य असेल तर ते दिवसाला 20 रुपये असते. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला एका विवरणपत्रामागे 2,000 रुपयांहून अधिक शुल्क लागत नाही, आणि ही सवलत परिषदेने विचारपूर्वक दिली, याबद्दल मी आभारी आहे. माझे शुल्क 600 रुपये झाले. पण 2 मे रोजी ते पडद्यावर कुठेच नव्हते. ते दिसले एप्रिलचे विवरणपत्र उघडल्यावर, तक्ता 5.1 मध्ये, 300 आणि 300 असे. एप्रिलमध्ये तर मी एक दिवसही उशीर केला नव्हता. प्रणाली एका महिन्याच्या उशिराचे शुल्क पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात लावते, हे मला एका जुन्या व्यापाऱ्याने सांगितले. शिवाय हे शुल्क रोख खात्यातूनच भरावे लागते. खरेदीवर दिलेल्या कराचे इनपुट क्रेडिट कितीही शिल्लक असले तरी ते यासाठी चालत नाही. कराची रक्कम 20 एप्रिललाच वळती झाली होती, तरी शुल्क सहीच्या तारखेवरून मोजले गेले, ही गोष्ट मला अजून खुपते.

ज्याने झोप उडवली ती नोटीस त्यानंतर वर्षभराने आली. ती मला पोस्टाने आली नाही. सूचनेचा संदेश नोंदणीच्या वेळी दिलेल्या क्रमांकावर गेला, आणि तो क्रमांक माझ्या आधीच्या करसल्लागाराचा होता. `Services > User Services > View Additional Notices/Orders` या वाटेने गेल्यावर मला ती दिसली, तेव्हा उत्तरासाठी दिलेल्या 30 दिवसांपैकी 19 दिवस संपले होते. नमुना ASMT-10, कलम 61. मजकूर असा, की आर्थिक वर्षात मी GSTR-3B मध्ये घेतलेले क्रेडिट पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून आपोआप बनणाऱ्या GSTR-2B मध्ये दिसणाऱ्या क्रेडिटपेक्षा 36,000 रुपयांनी जास्त आहे.

हे 36,000 कुठून आले ते शोधायला मला तीन रात्री लागल्या. पावसाआधी गळती थांबवण्याचा माल इकडे फार खपतो, म्हणून 27 मार्चला मी गोव्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून 2 लाखांचा माल घेतला. त्यावर 18 टक्क्यांनी 36,000 रुपये आंतरराज्य कर होता. बिल हातात आणि माल गोदामात होता, म्हणून मी ते क्रेडिट मार्चमध्ये घेतले. त्या व्यापाऱ्याने आपले विक्रीचे विवरणपत्र GSTR-1, 11 एप्रिलऐवजी 16 एप्रिलला भरले. त्यामुळे 14 एप्रिलला तयार झालेल्या माझ्या मार्चच्या 2B मध्ये ते बिल आले नाही, एप्रिलच्या 2B मध्ये आले. वर्ष 31 मार्चला संपले आणि बिल पुढच्या वर्षात जाऊन बसले.

चूक माझीही होती. 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने बिल दाखवून ते 2B मध्ये आल्याशिवाय त्याचे क्रेडिट घेता येत नाही. मी ते एक महिना आधी घेतले आणि वापरले. पण एप्रिलमध्ये ते पुन्हा घेतले नव्हते, त्यामुळे सरकारचे 36,000 बुडाले नव्हते. ते फक्त 20 एप्रिल ते 20 मे असे 30 दिवस माझ्याकडे आधी आले होते. त्यावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज होते 533 रुपये. मी ते स्वतःहून रक्कम भरण्याच्या DRC-03 नमुन्याने भरले आणि बिल, दोन्ही महिन्यांचे 2B व एप्रिलचे 3B जोडून ASMT-11 मध्ये उत्तर दिले. अधिकाऱ्यांनी ते स्वीकारले आणि ASMT-12 देऊन प्रकरण बंद केले. त्यांनी नीट वाचले, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आमच्याच आळीतल्या एका दुकानदाराने मात्र अशीच नोटीस आल्यावर घाबरून तिच्यातली पूर्ण रक्कम भरून टाकली. विसंगतीची नोटीस म्हणजे मागणीचा आदेश नव्हे, तो खुलासा मागणारा प्रश्न आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि 30 दिवस गप्प बसले तर प्रकरण पुढे मागणीपर्यंत जाऊ शकते, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, विवरणपत्र दाखल झाल्याच्या पडद्यावरच उशिराचे दिवस आणि पुढच्या महिन्यात लागणारे शुल्क दाखवावे. पैसे वळते झाले पण सही राहिली असेल, तर तसे ठळक लिहावे आणि नोंदणीकृत मालकाच्या स्वतःच्या मोबाईलवर कळवावे. विसंगतीच्या नोटिशीत नुसती बेरजेतली तफावत देण्याऐवजी, वर्ष संपल्यानंतर पुढच्या महिन्यांच्या 2B मध्ये आलेली मागील वर्षाची बिले पुरवठादाराच्या दाखल तारखेसह जोडावीत. ही माहिती प्रणालीत आधीपासून आहे. मी ती तिथूनच हाताने शोधली. नोटिशीसोबत ती कशाबद्दल आहे हे सांगणारे एक पान मराठीत असावे.

मार्चअखेरची खरेदी आमच्याकडे दरवर्षी होते, कारण जूनचा पाऊस थांबत नाही. येत्या मार्चच्या आधी यातले निदान दुसरे काम झाले, तर 20 एप्रिलच्या रात्री सही राहिली आहे हे मला त्याच रात्री कळेल.

आपला विश्वासू,
एक रंग व हार्डवेअर दुकानदार,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग