शर्यत घड्याळावर नको

महोदय,

प्राथमिक शाळांतील कचरा वर्गीकरणाच्या शर्यतींची आणि परसबागेची बातमी (आपला अंक) वाचली. उपक्रम चांगला आहे. आक्षेप आहे तो सर्वात आधी डबे भरणाऱ्या गटाला बक्षीस देण्यावर. वेळेवर गुण दिले की मुले हाताला येईल ते हिरव्या डब्यात टाकतात. चहाचा कागदी कप तर हमखास तिथे जातो. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. कागद कुजतो, थर खतात तसाच राहतो. प्रत्येक चुकीला दहा सेकंद वाढवावेत आणि खत चाळताना निघालेले तुकडे मुलांनाच मोजायला द्यावेत. खरा निकाल तिथे लागतो.

खताच्या खड्ड्यातही तीच घाई. पोषण आहाराची उरलेली खिचडी एकदम ओतली की दोन दिवसांत आंबूस वास सुटतो आणि मग शिपाईमामाच तो खड्डा बुजवतात! भाज्यांच्या देठा-सालींच्या एका बादलीमागे सुकलेल्या पाल्याच्या दोन बादल्या, खिचडी मूठभरच आणि आठवड्यातून एकदा खालीवर करणे, एवढे पाळावे. मूठभर मिश्रण दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. गळले तर आणखी पाला घालावा.

जूनमध्ये पावसापासून झाकून सुरुवात केली, तर साधारण दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी-पालकाच्या वाफ्याला हे खत घालता येते. बक्षीस तेव्हा द्यावे.

— एक प्राथमिक शिक्षिका, सातारा