सूचना : राज्यसेवा मुख्यच्या अभ्यासाचं वेळापत्रक रविवारी बदलतोय

अभ्यासिकेतल्या सर्वांसाठी,

जुन्या पॅटर्नवर अर्धा अभ्यास झालेल्यांनी आधी नवीन परीक्षा योजनेतला गुणांचा तक्ता काढा आणि जुन्या तक्त्याशेजारी ठेवा. बातमीवर किंवा फॉरवर्डवर जाऊ नका, आयोगाची पीडीएफच वाचा.

मोठा फरक भाषेत आहे. पूर्वी लेखी ८०० पैकी मराठी-इंग्रजीचे २०० गुण मेरिटमध्ये धरत. आता दोन्ही पेपर ३०० चे आहेत, पण फक्त अर्हताकारी. प्रत्येकी २५ टक्के, म्हणजे ७५ गुण लागतात. लेखीचं मेरिट १७५० वर लागतं : निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर १०००, वैकल्पिक विषय ५००.

आपल्यातली एक ताई रोज दोन तास व्याकरण करते. तिचं वेळापत्रक परवा बसून बदललं. भाषेला आठवड्याला दोनच तास ठेवले, तेही निबंध-सारांश लिहायला. उरलेले बारा तास वैकल्पिकला गेले, कारण ते तिने अजून उघडलंच नव्हतं. भाषा पूर्ण सोडू मात्र नका. ७५ च्या खाली गेलात तर बाकीचे गुण धरलेच जात नाहीत.

जीएसच्या नोट्स टाकू नका. वाचलेलं तेच आहे, फक्त पर्याय ओळखायचे नाहीत, उत्तर लिहायचंय. लिहायला बसलं की कळतं : माहिती असते, पण दुसऱ्या परिच्छेदाला हात थांबतो.

रविवारी सकाळी ९ ते १२ सलग लेखन. दोन्ही तक्त्यांच्या झेरॉक्स आणि कोरे ताव आणा.