सूचना : दारू सुटलेल्या रुग्णाची देखभाल (पुरुष वॉर्ड, सर्व पाळ्या)

पाय मोडून दाखल झालेल्या खलाशाला शेवटची दारू कधी घेतली ते विचारून वेळ केसपेपरवर लिहा. समजा, रविवारी रात्री १० वाजता. मग सोमवारी पहाटेपासून हात थरथरतील, मंगळवार रात्रीपर्यंत झटक्याची भीती आणि पुढचे दोन दिवस डिलिरियमची. खाटेवर बसून तो हवेतलं जाळं ओढू लागला, तर हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना लगेच उठवा.

सीवा गुण दर ४ तासांनी, ८ किंवा जास्त आले की दर तासाला. सोबत नाडी, बीपी, ताप. लोराझेपामच्या प्रत्येक डोसआधी श्वास मोजा. मिनिटाला १२ पेक्षा कमी किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा.

ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन शिरेतून द्या, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. साखर फारच उतरली असेल, तर मात्र ग्लुकोज अडवू नका, दोन्ही सोबत द्या.

खाट खाली, कठडे वर, सक्शन हाताशी. रात्री मंद दिवा चालू ठेवा. अंधारात भास वाढतात. वीज जाते, तेव्हा बॅटरी जवळ हवीच. हात बांधू नका, नातेवाइकाला उशाशी बसवा. "थोडी पाजू का?" असं तो विचारेलच, ठाम नाही म्हणा.