सूचना : धुलिवंदनाची चुकीची तारीख

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्याकडे येणाऱ्या दैनिकाच्या सुट्ट्यांच्या यादीत धुलिवंदन ४ मार्च २०२६ छापले आहे. राज्य शासनाच्या यादीत ते मंगळवार, ३ मार्च आहे. पौर्णिमा सोमवारी संध्याकाळी लागून मंगळवारी सूर्यास्तापूर्वी संपते, म्हणून होळी सोमवारीच. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी रंग ४ तारखेला आहे. बहुधा तिकडचीच यादी उचलली असावी.

संपादकांना पत्र तयार आहे. त्यात अंकाची तारीख, पान, चुकीची ओळ आणि शासनाची यादी जोडली आहे. दुरुस्ती ठळक छापावी एवढीच मागणी. कोल्हापुरात रंग पंचमीलाच खेळतो हे खरे, पण बँकेची कामे या यादीवरच ठरतात. सह्यांसाठी रविवारपर्यंत कार्यालयात यावे. भिंतीवरच्या यादीत तारीख आताच खोडून घ्यावी.

– सचिव