बाबा, "क्यों" हा शब्द काढून टाका

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमच्या अडकलेल्या पेन्शनबद्दलचा आरटीआयचा अर्ज आणि त्यावरचं उत्तर, असा तुम्ही व्हॉट्सॅपवर पाठवलेला फोटो काल रात्री मोठा करून करून वाचला. फोनवर सांगायला गेले की तुम्ही मध्येच त्या बाबूवर घसरता आणि मग अर्धं बोलणं राहूनच जातं, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. आई, तू हे त्यांना मोठ्यांदा वाचून दाखव, चष्मा सापडत नाही म्हणून बाजूला ठेवतील नाहीतर.

तर तुमचा अर्ज. 3 नोव्हेंबरला दिला, 28 ला उत्तर आलं, म्हणजे 30 दिवसांच्या आत आलं, त्यामुळे उशीर केला म्हणून त्यांना धरता येत नाही. आणि उत्तर काय, तर "प्रकरण प्रक्रियाधीन है", आणि खाली एक ओळ की तुमचा प्रश्न प्रश्नवाचक आहे, तो सूचनेच्या व्याख्येत येत नाही. तुम्ही चिडलात ते बरोबरच आहे, 31 जुलैला रिटायर झालात, कागद त्याच्या कितीतरी आधी दिले होते आणि डिसेंबर उजाडला तरी एक रुपया नाही. पण खरं सांगू का, असं उत्तर मी स्वतः टाईप केलेलं आहे. तुम्हाला माहितीये ना, कॉलेजच्या ऑफिसात आरटीआयचं टेबल गेली सहा वर्षं माझ्याकडेच आहे. सही साहेबांची असते पण मजकूर मीच बनवते. त्यामुळे कुठला अर्ज आला की आम्ही निश्वास टाकतो आणि कुठला आला की पळापळ होते, हे मला आतून माहितीये.

तुमचा अर्ज निश्वास टाकायचा होता. रागवू नका.

दीड पान लिहिलंत, 34 वर्षं इमानदारीने नोकरी केली, एक मेमो नाही, आणि शेवटी विचारलंत की मेरी पेंशन क्यों रुकी है. कायद्यात माहिती म्हणजे ऑफिसकडे कुठल्यातरी रूपात आधीच असलेली गोष्ट, कागद, नोंद, रजिस्टर, ईमेल, आदेश. "का" याचं उत्तर कुठल्या कागदावर लिहिलेलं नसेल तर ते तुमच्यासाठी नव्याने बनवून द्यायला अधिकारी बांधील नाही. 2008 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा बेंचने जवळपास हेच म्हटलं होतं, तेव्हापासून सगळ्या ऑफिसांना ही ढाल मिळालीये. म्हणून त्या उत्तरावर अपील करून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. अपिलाला मध्यप्रदेशात 50 रुपये लागतात, त्यापेक्षा 10 रुपयांचा नवा अर्ज परवडला. आणि कारण सांगायचीसुद्धा गरज नाही हो, माहिती कशाला हवी हे त्यांनी विचारायचंच नाही असं कलम 6 मध्ये स्पष्ट आहे, त्यामुळे ती 34 वर्षं आणि इमानदारी हे सगळं काढा. मला माहितीये ते काढताना तुम्हाला जड जाईल.

आता पळापळ करवणारा अर्ज कसा असतो ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका रिटायर्ड लॅब असिस्टंट काकांचा अर्ज आला होता, पोस्टकार्डाएवढा मजकूर. त्यात "का" नव्हतंच. त्यांनी विचारलं होतं की माझे पेन्शनचे कागद अमुक तारखेला दिले, त्याचा आवक नंबर आणि तारीख द्या. त्या दिवसापासून आजपर्यंत फाईल कोणाकोणाच्या टेबलावर होती, त्या प्रत्येकाचं पदनाम आणि फाईल त्याच्याकडे आली कधी आणि पुढे गेली कधी, हे द्या. फाईलमधल्या सगळ्या टिपणीच्या प्रती द्या, आणि आलेल्या आक्षेपांच्या आणि त्यावर पाठवलेल्या उत्तरांच्या प्रती द्या. बस्स.

बाबा, याला "प्रक्रियाधीन" म्हणताच येत नाही. तारखा विचारल्या की तारखाच द्याव्या लागतात, आणि त्या द्यायला कपाट उघडून फाईल काढावी लागते. मी काढली. बघते तर पेन्शन मंजूर करणाऱ्या ऑफिसने सात महिन्यांपूर्वी आक्षेप काढून सर्व्हिस बुक परत पाठवलेलं, कारण 1994-95 चं सेवा पडताळणीचं पान कोरं होतं, त्या वर्षी काकांची बदली झाली होती आणि जुन्या जागेहून सर्टिफिकेट कोणी मागवलंच नव्हतं. काकांना कोणी सांगितलंही नाही. आता हे जसंच्या तसं अर्जदाराला द्यायचं म्हणजे सात महिन्यांचा तो कोरा भाग एका माणसाच्या पदनामासमोर लिहून, सहीशिक्क्यानिशी द्यायचा. साहेबांनी ड्राफ्ट वाचला, काही बोलले नाहीत, त्याच दुपारी जुन्या जागेला पत्र गेलं आणि सर्टिफिकेट आणायला शिपाई पाठवला. काकांना आमचं उत्तर पोचायच्या आधी फाईल वर गेली होती. अर्जाचा खरा उपयोग बऱ्याचदा एवढाच असतो, उत्तर नंतर येतं, फाईल आधी हलते.

तुमच्या बाबतीत काय अडकलंय ते मला इथे बसून कळणार नाही. तुम्ही धारला होतात ना मधली दोन-तीन वर्षं, मी बालवाडीत होते तेव्हा? मला आपलं वाटतंय तिथलीच पडताळणी असेल, नाहीतर एखादं जुनं वेतन निर्धारण, नाहीतर अदेय प्रमाणपत्र. पण अंदाज अर्जात लिहू नका, नाहीतर ते फक्त तेवढ्याचंच उत्तर देतील, "ती पडताळणी पूर्ण आहे" म्हणून मोकळे.

तर काकांचेच प्रश्न घ्या, फक्त शब्द तुमच्याकडचे घाला. आमच्याकडे टिपणी म्हणतात, तुमच्याकडे नोटशीट, फाईलला नस्ती. हिंदी तुमचं माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं आहे, ते मी सांगायला नको. दोन गोष्टी मात्र माझ्याकडून जोडा. एक, प्रकरण पुढच्या ऑफिसला पाठवलं असेल तर जावक नंबर आणि तारीख. हे फार कामाचं आहे, कारण तुमचं ऑफिस म्हणतं पुढे पाठवलं, पुढचं म्हणतं आलंच नाही, आणि तुम्ही मधल्यामध्ये रिक्षाला पैसे घालता. जावक नंबर हातात आला की दुसरा अर्ज तो नंबर लिहून पुढच्या ऑफिसला. दुसरं, नस्ती प्रत्यक्ष बघायची आहे असं एक वाक्य. तो हक्क कायद्यात आहे, आणि तुम्ही 34 वर्षं फाईलीच पाहिल्यात, झेरॉक्समध्ये जे निसटतं ते तुम्हाला पान उलटताना दिसेल.

आणि ते दुसऱ्यांचं. तुमच्यानंतर रिटायर झालेल्याची पेन्शन सुरू झाली, त्याची कशी झाली ते विचारायचंय म्हणालात. नका विचारू हो. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून तो प्रश्न नाकारतील, आणि एक नकार असला की उरलेल्या उत्तरातही ढिलाई येते. फारच राहवत नसेल तर असं विचारा की 31 जुलैनंतर पेन्शनची किती प्रकरणं पुढे पाठवली, प्रत्येकाची आवक आणि जावक तारीख द्या, नावं झाकून चालतील. नावं नसली तरी तारखा बोलतातच.

अर्ज 9 तारखेपर्यंत द्या. रोख 10 रुपये भरून पावती घ्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. खिडकीवरचा माणूस म्हणेल रख दीजिए साहब हो जाएगा, तुम्ही ओळखीच्या भिडेपोटी तशीच ठेवून याल, तसं करू नका. शिक्का देत नसतील तर सरळ स्पीड पोस्ट. 9 ला दिला तर 8 जानेवारीपर्यंत उत्तर यायला हवं. नाही आलं तर कायद्याने तो नकारच धरतात, मग पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, ते त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तेव्हा 50 रुपये द्यायला मी सांगेन, कारण तेव्हा केस पक्की असेल. शिवाय मुदत संपल्यावर माहिती दिली तर झेरॉक्सचे पैसेही घेता येत नाहीत. दिवसाला 250 रुपये दंड, 25,000 पर्यंत, असं जे तुम्ही कुठेतरी वाचलंत ते खरं आहे, पण तो भोपाळचा माहिती आयोग लावतो, दुसऱ्या अपिलाच्या किंवा तक्रारीच्या वेळी, आणि तो सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात नाही. त्याच्या भरवशावर बसू नका.

हेही लक्षात ठेवा की माहिती अधिकारी पेन्शन मंजूर करू शकत नाही, आयोगही नाही. यातून मिळणार फक्त कागद. पण त्या कागदावर तारीख असेल, आक्षेप असेल, टेबल असेल. मग त्याची झेरॉक्स लावून विभागप्रमुखाला एक पानाचं निवेदन, आणि तोच कागद समोर ठेवून 181 वर, तुमच्याकडच्या मुख्यमंत्री हेल्पलाईनवर, तक्रार. आत्ता तुम्ही 181 ला काय सांगाल, पेन्शन मिळत नाही एवढंच. तेव्हा सांगता येईल की अमुक तारखेचा आक्षेप अमुक टेबलावर इतके दिवस पडून आहे.

आई, तू एक काम कर. त्यांच्या कपाटातल्या त्या हिरव्या सुटकेसमध्ये बदलीचे आदेश आणि जुन्या पगाराच्या स्लिपा आहेत, मी दिवाळीला पाहिल्या होत्या. धारच्या वर्षांच्या वेगळ्या काढ. उद्या आक्षेप तोच निघाला तर हेच कागद लागतील. आणि बाबा बीपीची गोळी घेतात का ते मला वेगळं कळव, त्यांना विचारलं की ते घेतली म्हणतात.

बाबा, पैशांचं तुम्ही नको म्हणालात म्हणून मी परत काढत नाही. मागच्या आठवड्यात आईच्या खात्यात टाकलेत, ते तुमच्यासाठी नाहीत, तिच्यासाठी आहेत, त्यामुळे परत पाठवायचा प्रश्नच येत नाही.

कच्चा मसुदा लिहून फोटो पाठवा, द्यायच्या आधी. "क्यों" दिसलं तर लाल पेनाने गोल करून परत पाठवीन, तुम्ही माझ्या निबंधांवर करायचात तसं.

तुमची,
मनू