केतकीच्या चढाबद्दल

सांगली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल केतकीचं सांगताना तुझाच आवाज उतरला होता. चढावर गाडी मागे गेली, घाबरून क्लच सोडला, गाडी बंद पडली आणि लायसन्सच्या परीक्षेत ती नापास झाली. तेही रांगेतल्या सगळ्यांसमोर. वाईट वाटणारच गं. तिला ‘त्यात काय एवढं’ म्हणू नकोस. रोज पहाटे उठून शिकलीय पोर.

रडू ओसरलं की एक मात्र विचार. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो. चढावर गाडी जरा सरकली की सर हळूच आपला ब्रेक दाबतात, आणि आपल्याला वाटतं, जमलं! परीक्षेत तो पाय मदतीला येत नाही. सपाटीवर ती छान चालवते असं तूच म्हणालीस, म्हणून मला हेच कारण वाटतं. तिला गाडी येते. चढावर क्लच नेमका कुठे पकडतो, हे तिच्या पायाला अजून कळलेलं नाही.

सरांना सांगा, आज पाय लांब ठेवा. हँडब्रेक ओढून पहिला गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा आणि क्लच सावकाश वर आणायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवून मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे सरकली, तर हँडब्रेक लवकर सुटला. गचका देऊन बंद पडली, तर क्लच घाईने सुटला. केतकीचं आधी पहिलं झालं आणि त्या भीतीने लगेच दुसरं. सरकायला लागली की पाय आधी ब्रेकवर गेला पाहिजे, मग हँडब्रेक ओढून पुन्हा पहिल्यापासून.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहता, चढाला काय तोटा! पण यवतेश्वरच्या घाटात नेऊ नका. मागून हॉर्न वाजला की शिकणाऱ्याचे पाय गडबडतात. एखादा रिकामा, साधा चढ बघा. क्लचवर गाडी फार वेळ तोलून धरली तर क्लच प्लेट तापते. जळका वास आला की थोडं थांबायचं. आणि हो, शेजारी लायसन्सवालाच हवा, तेव्हा तू मागच्या सीटवर बस आणि गप्प बस, हे जास्त महत्त्वाचं!

सात दिवसांनी तिला पुन्हा परीक्षा देता येते. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, त्यामुळे आजच त्यावरची तारीख बघून घ्या. मुदत भरपूर असेल तर आठव्याच दिवशी धावायची गरज नाही. सरांनी पाय न लावता चढ सलग जमायला लागला की मग जाऊ दे.

शनिवारी दोघी इकडे या. भडंग करून ठेवते. परीक्षेचा विषय तिने काढला तरच बोलू.

तुझी,
आई